चालू अ‍ॅका किंवा सीझनभराची बेट हेज कशी करायची आणि ब्रेक-ईव्हन स्टेक कसा काढायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये राहणारे आपले मराठी मित्र शनिवारच्या मॅचेसवर अ‍ॅका लावतात, म्हणजे बऱ्याच मॅचेसचे अंदाज एकाच बेटमध्ये बांधतात, त्यातल्या एकेका अंदाजाला लेग म्हणतात; चार लेग लागतात, पाचवा बाकी राहतो आणि मग रात्री मेसेज येतो की "आता काय करू, कॅश आउट घेऊ का?" कॅश आउट म्हणजे बुकमेकर आत्ता देतोय ती रक्कम घेऊन बेट तिथेच संपवणं. हा प्रश्न इतक्यांदा आलाय की सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. उदाहरण सगळीकडे एकच धरलंय, म्हणजे आकडे परत परत बदलणार नाहीत.

आधी उदाहरण सांगा, कुठली बेट धरायची?

२० पाउंडांची पाच मॅचेसची अ‍ॅका. भाव डेसिमलमध्ये १.८०, २.००, १.७५, २.०० आणि शेवटचा २.२०. सगळ्यांचा गुणाकार २७.७२ येतो, म्हणजे पाचही लागले तर हातात ५५४.४० पाउंड, त्यात आपलेच २० धरून. शनिवारी चार लागले. रविवारी दुपारी शेवटची मॅच आहे आणि आपण घरच्या टीमच्या विजयावर आहोत. दुकानात भाव ६/५ असा फ्रॅक्शनमध्ये लिहिलेला असेल तर भागाकार करून त्यात १ मिळवा, २.२० येईल.

हेज म्हणजे नक्की काय करायचं?

आपली अ‍ॅका ज्या निकालावर पडणार आहे त्या निकालावर दुसरी बेट लावायची, म्हणजे काहीही झालं तरी एक बेट लागतेच. आपल्याकडे क्रिकेटच्या सट्ट्यात याला बुक सेट करणं म्हणतात आणि लगाई-खाई हे शब्द ज्यांच्या कानावर पडलेत त्यांना हे पटकन कळेल: अ‍ॅकामध्ये आपण घरच्या टीमला लावलंय, आता तीच टीम खायची. बेटफेअर किंवा स्मार्केट्ससारख्या एक्स्चेंजवर, जिथे लोक बुकमेकरशी नाही तर एकमेकांशी बेट लावतात, खाण्याला ले करणं म्हणतात. ले केलं की आपण स्वतः बुकीच्या जागी बसतो, टीम जिंकली नाही तर समोरच्याने लावलेली रक्कम, म्हणजे त्याचा स्टेक, आपला, जिंकली तर त्याला आपण पैसे द्यायचे, आणि हे जे द्यावे लागू शकतात त्याला लायबिलिटी म्हणतात, ती रक्कम एक्स्चेंज आधीच खात्यातून अडकवून ठेवतं.

सरळ समोरच्या टीमवर लावलं तर चालत नाही का?

फुटबॉलमध्ये नाही चालत, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. मॅच ड्रॉ पण होते. आपल्या उदाहरणात पाहुण्या टीमचा भाव ३.८० धरा, ५५४.४० भागिले ३.८० म्हणजे १४५.८९ पाउंड त्यांच्यावर लावले, मॅच १-१ सुटली, अ‍ॅका पण गेली आणि हेज पण गेला, एकूण १६५.८९ पाउंड साफ. माझं स्वतःचं असं एकदा झालंय, रक्कम लहान होती पण तो रविवार अजून लक्षात आहे, कारण चूक मॅचमध्ये नव्हती, ती बेट लावतानाच झालेली होती.

म्हणून फुटबॉलमध्ये दोनच रस्ते: एक्स्चेंजवर आपली टीम ले करायची, त्यात ड्रॉ आणि पराभव दोन्ही येतात, किंवा बुकमेकरकडे डबल चान्स घ्यायचा, म्हणजे पाहुणी टीम जिंकली किंवा ड्रॉ झाली तरी बेट लागते. टेनिससारख्या दोनच निकाल असलेल्या खेळात मात्र समोरच्यावर सरळ लावलं तर चालतं.

ब्रेक-ईव्हन हेज स्टेक म्हणजे काय आणि तो कसा काढायचा?

अ‍ॅका पडली तर आपले मूळ २० पाउंड तेवढे परत यावेत, ना नफा ना तोटा, यासाठी जेवढी कमीत कमी हेज बेट लागते तो ब्रेक-ईव्हन स्टेक. एक्स्चेंजवर जिंकलेल्या रकमेतून कमिशन कापलं जातं, आपण २ टक्के धरू (तुमच्याकडे ५ असेल तर ५ घ्या, पण घ्याच, कमिशन विसरून केलेला हिशोब नेहमी थोडा कमी पडतो). मग स्टेक भागिले १ वजा कमिशन, म्हणजे २० ÷ ०.९८ = २०.४१ पाउंड.

गंमत बघा, यात ले भाव कुठे आलाच नाही. खाल्लेली बेट लागली की समोरच्याचा स्टेक मिळतो आणि तो भावावर अवलंबून नसतो. भाव येतो लायबिलिटीत. रविवारी सकाळी ले भाव २.१० असेल तर लायबिलिटी २०.४१ × १.१० = २२.४५ पाउंड. म्हणजे टीम जिंकली तर ५५४.४० मधून २० आणि २२.४५ जाऊन ५११.९५ नफा, नाही जिंकली तर शून्य. साडेबावीस पाउंडांत मुद्दल वाचवणारा विमा घेतला असं समजा.

डबल चान्सने करायचं असेल तर भाव येतो: स्टेक ÷ (भाव − १). डबल चान्सचा भाव १.७५ असेल तर २० ÷ ०.७५ = २६.६७ पाउंड.

आणि दोन्हीकडे सारखाच नफा हवा असेल तर?

मग पूर्ण परतावा घ्यायचा, ५५४.४०, नुसता नफा नाही (५३४.४० घेऊन हिशोब करणारे खूप भेटतात), आणि त्याला ले भाव वजा कमिशनने भागायचं. ५५४.४० ÷ (२.१० − ०.०२) = ५५४.४० ÷ २.०८ = २६६.५४ पाउंडांचा ले. लायबिलिटी २९३.१९.

पडताळून बघू. टीम जिंकली: ५५४.४० − २० − २९३.१९ = २४१.२१. टीम नाही जिंकली: २६६.५४ चे ९८ टक्के म्हणजे २६१.२१, त्यातून अ‍ॅकाचे २० गेले, २४१.२१. दोन्हीकडे पेनीपर्यंत सारखं. हा पडताळा दर वेळी करा, दोन आकडे जुळले नाहीत तर कुठेतरी चुकलंय, बेट लावायच्या आधीच कळतं.

हेच डबल चान्सने केलं तर ५५४.४० ÷ १.७५ = ३१६.८० लावावे लागतात आणि नफा दोन्हीकडे २१७.६०. म्हणजे एक्स्चेंजपेक्षा जवळपास २४ पाउंड कमी, बुकमेकरचं मार्जिन ते हेच.

शीटमध्ये टाकून ठेवायचं असेल तर B1 मध्ये परतावा, B2 मध्ये मूळ स्टेक, B3 मध्ये ले भाव आणि B4 मध्ये कमिशन (0.02 असं) लिहा. खाली क्रमाने ब्रेक-ईव्हन ले, सारख्या नफ्याचा ले, आणि त्यापुढे जाऊ नये असा ले:

```
=B2/(1-B4)
=B1/(B3-B4)
=(B1-B2)/(B3-1)
```

तो तिसरा आकडा कशासाठी?

तो वरचा ब्रेक-ईव्हन. खूप जास्त ले केलं तर उलटं होतं, टीम जिंकली तरी आपण शून्यावर येतो. आपल्या उदाहरणात (५५४.४० − २०) ÷ १.१० = ४८५.८२ पाउंड. म्हणजे २०.४१ ते ४८५.८२ च्या मधला कुठलाही ले घेतला तर दोन्ही निकालांत नफाच आहे, फक्त तो कुठल्या बाजूला जास्त ठेवायचा हे तुमच्या हातात. टीमवर विश्वास असेल तर खालच्या टोकाकडे राहा. आदल्या रात्री मुख्य स्ट्रायकर जखमी झाल्याची बातमी आली तर वरच्या बाजूला जावंसं वाटेल, पण लक्षात घ्या की ती बातमी भावात आधीच आलेली असते, आपल्यालाच कळलंय असं नसतं.

म्हणजे नफा कायम गॅरंटीड?

नाही. अ‍ॅकाच्या शेवटच्या लेगवर तो जवळजवळ नेहमी मिळतो कारण आपल्या हातात २७.७२ चा भाव आहे आणि खायचाय २.१० ला. पण एकच बेट असेल, समजा सीझनच्या सुरुवातीला एका टीमला ६.०० ने चॅम्पियन म्हणून लावलं आणि आता तिचा भाव ९.०० झालाय, तर कुठलाही हेज नफा देणार नाही, फक्त तोटा वाटून घेता येईल. लावलेल्या भावापेक्षा खायचा भाव कमी हवा, आणि कमिशन भरून निघेल इतका कमी हवा. शीटमध्ये खालचा ब्रेक-ईव्हन वरच्यापेक्षा मोठा आला तर समजा की गॅरंटीची जागाच शिल्लक नाही.

कॅश आउटचं बटन आहेच की, मग एवढं कशाला?

बटन सोयीचं आहे, पण ते किती देतंय हे तपासायला एक आकडा लागतो. सारख्या नफ्याच्या हेजमध्ये आपल्या हातात शेवटी २४१.२१ अधिक मूळ २० म्हणजे २६१.२१ पाउंड येतात. कॅश आउट याच्या वर देत असेल तर बिनधास्त बटन दाबा. बहुतेक वेळा ते खाली असतं. २४० दाखवत असेल तर त्या सोयीसाठी तुम्ही २१ पाउंड देताय, एवढं माहीत असलं की निर्णय तुमचा. कॅश आउटचा एक खरा फायदा आहे, त्याला नवीन पैसे लागत नाहीत, आणि तो किती मोठा फायदा आहे ते पुढे लेस्टरच्या उदाहरणात दिसेल.

दोन लेग बाकी असतील तर?

मॅचेस वेगवेगळ्या वेळी असतील तर पायरीपायरीने जायचं. आपल्याच अ‍ॅकात तीन लागले आहेत आणि चौथा-पाचवा बाकी आहे असं धरा. चौथ्या लेगला ब्रेक-ईव्हन ले, २०.४१ पाउंड, भाव २.०६, लायबिलिटी २१.६३. चौथा पडला तर शून्यावर सुटलो, विषय संपला. चौथा लागला तर अ‍ॅका जिवंत आहे पण २१.६३ गेले, म्हणून आता आपला "मूळ स्टेक" २० राहिला नाही, तो ४१.६३ झाला. पाचव्याला ब्रेक-ईव्हन ले ४१.६३ ÷ ०.९८ = ४२.४८, भाव २.१० ला लायबिलिटी ४६.७३. पाचवाही लागला तर ५५४.४० − ४१.६३ − ४६.७३ = ४६६.०४ नफा.

इथे लोक दुसऱ्या पायरीलाही २० च धरून बसतात आणि मग पाचवा पडला की वीस-बावीस पाउंडांचा तोटा कुठून आला हे कळत नाही. आधीच्या हेजचा खर्च पुढच्या हिशोबात आलाच पाहिजे. आणि लेग जितके लवकर हेज करायला लागाल तितका खर्च साचत जातो, म्हणून मी तरी शेवटचा किंवा फार तर शेवटचे दोन लेग सोडून आधी हात लावत नाही.

दोन्ही मॅचेस एकाच वेळी, दुपारी तीनला असतील तर ही पायरी चालत नाही, कारण पहिलीचा निकाल लागेपर्यंत दुसरी पण संपलेली असते. दोन्ही एकदम ब्रेक-ईव्हनला ले केले तर कुठलाही एक पडला तरी मुद्दल सुटेल असं वाटतं, पण लागलेल्या लेगची लायबिलिटी त्यातून जाते. म्हणून अ‍ॅका लावतानाच शेवटचा लेग वेगळ्या दिवसाचा, रविवारचा किंवा सोमवार रात्रीचा ठेवलेला बरा, हेज करायची जागा तिथेच तयार होते.

सीझनभराच्या बेटला, म्हणजे आउटराइटला, हेच गणित चालतं का?

गणित तेच, अडचण वेगळी, आणि लेस्टर सिटीपेक्षा चांगलं उदाहरण नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये प्रीमियर लीग जिंकायला त्यांचा भाव ५०००/१ होता. आधीच्या सीझनला कसेबसे रेलिगेशनमधून वाचून १४ वे आलेले. समजा कोणी ५ पाउंड लावले, परतावा २५,००५ पाउंड. ६ फेब्रुवारी २०१६ ला त्यांनी मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मैदानावर ३-१ हरवलं, १४ तारखेला आर्सेनलकडे १-२ हरले, आठवड्यात भाव वरखाली. हिशोबासाठी समजू की त्या काळात ले भाव ३.०० मिळाला.

सारख्या नफ्याचा ले २५,००५ ÷ २.९८ म्हणजे ८,३९१ पाउंड, आणि लायबिलिटी १६,७८२. पाच पाउंड लावणाऱ्याकडे सतरा हजार रोख कुठून येणार, आणि तेही मे महिन्यापर्यंत अडकून पडणार, कारण मूळ बेटचे पैसे सीझन संपल्यावर मिळतात पण लायबिलिटी आज भरावी लागते. दुसरीकडे ब्रेक-ईव्हन ले निघतो ५.१० पाउंड, पण त्याने पाच पाउंड वाचवून काय मिळवलं. एवढ्या मोठ्या भावाच्या बेटला ब्रेक-ईव्हन हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे हे मी मुद्दाम सांगतो, कारण सगळे आधी तोच विचारतात.

मग करायचं काय, तर आपल्याला झेपेल एवढ्या लायबिलिटीपासून उलटा हिशोब. समजा १,००० पाउंड मोकळे आहेत. ३.०० ला १,००० लायबिलिटी म्हणजे ५०० चा ले. लेस्टर नाही जिंकलं तर ४९० मिळतात, त्यातून ५ गेले, ४८५ नक्की. जिंकलं तर २५,०००ऐवजी २४,०००. पुढे भाव १.५० पर्यंत खाली आला आणि अजून १,००० उभे करता आले तर त्याच हजारात आता २,००० चा ले बसतो. न जिंकल्यास एकूण ४८५ + १,९६० = २,४४५, जिंकल्यास २३,०००. पहिल्या हजाराने ४९० चं कव्हर घेतलं, दुसऱ्या हजाराने १,९६० चं. भाव खाली येईपर्यंत थांबलं तर तोच हजार चौपट काम करतो, पण थांबण्याची जोखीम अशी की मध्येच आर्सेनलसारखी एक मॅच भाव परत वर नेते.

आणि फक्त टॉटनहॅमवर लावून हेज होत नव्हता. फेब्रुवारीत आर्सेनल आणि सिटीही शर्यतीत होते. लेस्टरला ले केलं की उरलेल्या १९ टीम एकदम कव्हर होतात. शेवटी २ मे २०१६ ला टॉटनहॅमची चेल्सीशी २-२ बरोबरी झाली आणि लेस्टर चॅम्पियन झालं. ५० पाउंड लावलेल्या एकाने आधीच ७२ हजारांच्या आसपास कॅश आउट घेतल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या, थांबला असता तर अडीच लाख. लोक त्याला चुकलाच म्हणतात, मला नाही तसं वाटत. तेवढी लायबिलिटी भरायला पैसे नसतील तर बटन हाच एक हेज उरतो.

हेज केल्याने दीर्घकाळात तोटा होतो म्हणतात, खरं आहे का?

थोडं खरं आहे. मॅचचा खरा भाव २.०६ असेल तर आपल्या अ‍ॅकाची आजची किंमत ५५४.४० ÷ २.०६ = २६९.१३, आणि पूर्ण हेज करून हातात येतात २६१.२१. हे ८ पाउंड हेजची किंमत. रक्कम तुमच्या एकूण पैशात किरकोळ असेल तर ती किंमत देऊ नका, दर आठवड्याला आठ-आठ पाउंड जातात. महिन्याच्या भाड्याएवढी रक्कम लटकलेली असेल तर आठ पाउंड काहीच नाहीत.

फ्री बेटने लावलेली अ‍ॅका असेल तर?

मूळ स्टेक शून्य धरा आणि परताव्यात फ्री बेटची रक्कम मिळवू नका, कारण ती बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. आपली अ‍ॅका २० च्या फ्री बेटची असती तर परतावा ५३४.४०. ब्रेक-ईव्हन स्टेक शून्य, कितीही लहान ले केला तरी नफा.

कपच्या मॅचला वेगळं काही?

हो, खूप. अ‍ॅकाचा लेग सहसा ९० मिनिटांच्या निकालावर असतो, एक्स्ट्रा टाइम धरत नाहीत. हेज करताना चुकून "टू क्वालिफाय"चं, म्हणजे पुढच्या फेरीत कोण जाणार याचं मार्केट उघडलं आणि मॅच ९० मिनिटांना बरोबरीत सुटून आपली टीम पेनल्टीवर जिंकली, तर अ‍ॅका पडली आणि ले पण हरला. मार्केटचं नाव मॅच ऑड्स आहे का ते बघा.

मॅच पुढे ढकलली तर?

तो लेग व्हॉइड, म्हणजे रद्द होतो, त्याचा भाव १.०० धरतात, आपल्या अ‍ॅकाला २० × १२.६० = २५२ पाउंड मिळतात आणि ले पण व्हॉइड होऊन लायबिलिटी परत येते. छान सुटका. पण मॅच किती दिवसांत खेळली तर बेट चालू राहील हे प्रत्येकाचं वेगळं असतं, बुकमेकरने व्हॉइड केलं आणि एक्स्चेंजने चालू ठेवलं तर तुमचा ले एकटाच उघडा राहतो. अशा वेळी एक्स्चेंजवर तीच टीम परत लावून बाहेर पडा.

भारतात बसून हे करता येईल का?

नाही. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देशभर बंद झालेत, आणि महाराष्ट्रात त्याआधीपासून १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. इथलं सगळं ब्रिटनमधल्या लायसन्स असलेल्या खात्यांबद्दल आहे. तिथे जिंकलेल्या रकमेवर बेट लावणाऱ्याला टॅक्स पण नाही, त्यामुळे हिशोबात फक्त कमिशन धरलंय.

ले टाकला, आता निवांत?

अजून नाही. "मॅच्ड" लिहून आलं का ते बघा. २६६.५४ मागितले आणि त्या भावाला समोर १२० च पाउंड होते तर उरलेले १४६.५४ नुसते रांगेत उभे राहतात, हेज अर्धाच झालेला असतो, आणि मॅच सुरू होताना ते आपोआप रद्द पण होऊ शकतात. छोट्या लीगच्या मॅचला हे जास्त होतं. किकऑफच्या तास-सव्वा तास आधी टीमची यादी येते तेव्हा भाव एकदम हलतो, म्हणून मी त्याच्या आधीच उरकतो. अर्धाच मॅच झाला असेल तर उरलेल्यासाठी नवीन भावाने परत भागाकार करायचा: परताव्यातून आधी मॅच झालेल्या लेचा स्टेक गुणिले (त्याचा भाव वजा कमिशन) वजा करा आणि जे उरेल त्याला नवीन भाव वजा कमिशनने भागा. १२० मॅच झाले आणि भाव २.१४ झाला, तर ५५४.४० − १२० × २.०८ = ३०४.८०, भागिले २.१२, म्हणजे अजून १४३.७७ पाउंड.